पांढऱ्या चोचीचा काळा पक्षी: चोच आणि पायांवरून काय कळतं?

प्रश्न: फोटोतला हा पक्षी तळ्याच्या काठावर उभा होता. अंगाने काळा, बदकासारखा, पण चोच पांढरी आणि टोकदार. बोटांना पानांसारख्या झालरी दिसतात. चोच आणि पाय बघून हा काय खातो, कुठे राहतो हे सांगता येईल का?

उत्तर:

हा चांदवा आहे. काही जण त्याला वारकरीही म्हणतात. बदकांच्या घोळक्यात पोहतो म्हणून बदकच वाटतो, पण त्याचं नातं पाणकोंबड्यांशी आहे. तुमच्या फोटोत पाय पाण्याबाहेर आहेत हे फार चांगलं झालं, कारण या पक्ष्याबद्दल सगळ्यात जास्त तेच सांगतात.

बदकाच्या पुढच्या तीन बोटांमध्ये सलग पडदा असतो. इथे प्रत्येक बोट सुटं आहे आणि त्याच्या कडेने चपट्या पाळ्या आहेत. फोटो मोठा करून पाहा: या पाळ्या सलग नाहीत, बोटाच्या सांध्यापाशी त्यांना खाच आहे. आतल्या बोटावर दोन, मधल्यावर तीन आणि बाहेरच्यावर चार पाळ्या असतात. खाचा सांध्यांवरच असल्यामुळे पाळ्या असूनही बोट नीट वाकतं.

पाय मागे रेटताना या पाळ्या उघडतात आणि पाणी ढकलतात. पाय पुढे घेताना त्या मागे मुडपतात, म्हणजे पाण्याचा विरोध कमी होतो. चिखलावर त्याच पाळ्यांमुळे वजन पसरतं, आणि बोटं सुटी असल्यामुळे गवतातही तो आरामात चालतो. म्हणून अशा पायांवरून मी अंदाज बांधेन की याला पोहण्यापुरतं उघडं पाणी हवं आणि चरण्यासाठी काठही चालतो. चांदवा नेमका तसाच राहतो: पाणवनस्पती असलेल्या तळ्यांवर, धरणांच्या जलाशयांवर, संथ पाण्यावर. उडायचं असेल तेव्हा मात्र त्याला पाण्यावरून पाय आपटत बरंच अंतर धावावं लागतं.

पण नुसत्या पाळ्या बघून निष्कर्ष काढू नका. टिबुकलीच्या बोटांनाही पाळ्या असतात, आणि तिचं जगणं अगदी वेगळं आहे. फरक पाय शरीराला कुठे जोडलेले आहेत यात आहे. टिबुकलीचे पाय पार मागे, जवळजवळ शेपटीपाशी असतात. बुडी मारून भक्ष्याचा पाठलाग करायला ते उत्तम, पण जमिनीवर तिला धड चालता येत नाही. तुमच्या फोटोतला पक्षी मात्र अंग जवळपास आडवं ठेवून, तोल सांभाळून उभा आहे. एवढ्यावरूनच तो काठावर चालणारा आहे हे कळतं.

आता चोच. आखूड, मुळाशी जाड, बाजूंनी दबलेली आणि टोकाला निमुळती. बदकाच्या चोचीच्या आतल्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्यातून ते पाणी आणि चिखल गाळून खातं. चांदव्याकडे तशी गाळणी नाही. मासा पकडायला लागते तशी लांब, अणकुचीदार चोचही नाही. ही चोच खुडायची, ओढून तोडायची आहे. त्याचं मुख्य खाणं पाणवनस्पतींची पानं, कोंब आणि शेवाळ. तो छोटी बुडी मारून वनस्पती वर आणतो आणि पाण्यावर तरंगत खातो. काही बदकं शेजारी टपूनच असतात आणि त्याने आणलेलं पळवतात! काठावरचं गवतही तो खुडतो.

मात्र चोच सांगते ती क्षमता, रोजचा आहार नव्हे. हाच चांदवा गोगलगायी आणि पाण्यातले किडेही खातो, आणि लहान पिलांना सुरुवातीला किडेच जास्त भरवतो. हे फोटोतल्या चोचीवरून ओळखता आलं नसतं. कपाळावरच्या पांढऱ्या ढालीचाही खाण्याशी संबंध नाही. ती एकमेकांना दाखवण्यासाठी, विशेषतः हद्दीच्या भांडणात कामी येते. चोचीची लांबी मोजताना ती ढाल धरली तर चोच उगाचच मोठी वाटते.

फोटोवरून असा अंदाज बांधताना पक्षी कॅमेऱ्याकडे तोंड करून असेल तर चोच आखूड दिसते, त्यामुळे अगदी बाजूने काढलेलाच फोटो धरा. बोटांना चिखल चिकटला असेल तर पाळ्या दिसत नाहीत आणि पाय साध्या पाणकोंबडीचे वाटतात. त्या वेळी चोचीचा रंग बघावा: पूर्ण वाढलेल्या पाणकोंबडीची चोच लाल आणि टोकाला पिवळी असते, चांदव्याची पांढरी.