आभाराच्या भाषणात नेमके काय सांगावे

जपानीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर शिकवणाऱ्या बाईंचे आभार मानताना ‘बाईंनी खूप शिकवले’ असे मोघम न म्हणता, त्यांच्या कोणत्या सुधारणेमुळे निकाल बदलला ते सांगावे. जपानी भाषेच्या एन-३ परीक्षेत उत्तीर्ण होण्यापुरते १८० पैकी ९५ गुण मिळाले तरी प्रत्येक विभागात किमान १९ गुण लागतात. म्हणून पूर्वी केवळ श्रवणात अडकलेल्या विद्यार्थ्याने, बाईंनी ध्वनिमुद्रण थांबवत ऐकण्याची सवय मोडून एकदाच ऐकून उत्तर निवडण्याचा सराव कसा करून घेतला, हे सांगितले तर आभार खरे वाटतात. जपानीत सुरुवातीची दोन-तीन वाक्येच बोलावीत, कारण पाठ केलेला लांब मजकूर मध्येच विसरतो. आधीचे अपयश एका वाक्यात आटोपावे. ती कहाणी लांबली की भाषण बाईंचे न राहता आपलेच होते, आणि बहुतेकांचे तसे होतेच.