बिल वेळेवर भरूनही क्रेडिट स्कोर का पडला?

"मॅडम, मी शेवटच्या वर्षाला आहे. नऊ महिन्यांपूर्वी पहिलं क्रेडिट कार्ड घेतलं, एकदाही बिल चुकवलं नाही, दर वेळी ड्यू डेटच्या आधी पूर्ण भरते. तरी स्कोर 741 वरून 694 वर आला. मागच्या महिन्यात कार्डावर लॅपटॉप घेतला होता आणि दुसऱ्या कार्डाचा अर्ज पण केला, तो रिजेक्ट झाला. पुढच्या वर्षी शिक्षणासाठी लोन लागणारे. हे कार्ड बंद करून टाकू का?"

नको, कार्ड बंद करू नकोस! का ते सांगते, पण आधी तुझा स्कोर कुठे घसरला ते बघू.

स्कोर काढायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि नेमका फॉर्म्युला कोणीच सांगत नाही, पण फिको नावाच्या अमेरिकन कंपनीने ढोबळ वजनं जाहीर केलीयेत, त्यावरून अंदाज येतो. 35 टक्के वजन तू पैसे वेळेवर फेडतेस का याला, 30 टक्के किती उधारी डोक्यावर आहे याला, 15 टक्के खाती किती जुनी आहेत याला, आणि उरलेले दहा-दहा नव्या अर्जांना आणि कर्जाच्या प्रकारांना. बाकीच्या कंपन्यांचे आकडे वेगळे असतील पण बघतात साधारण ह्याच गोष्टी. तुझा पगार किती, मार्क किती, खात्यात किती शिल्लक आहे, हे यात कुठेच येत नाही.

पहिल्या भागात तू पास आहेस, गडबड दुसऱ्या भागात झालीये. सगळ्यांच्या उधारीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे ब्युरोकडे, तुझी थकबाकी कोणत्या दिवसाची जाते माहितीये? बहुतेक बँका स्टेटमेंट निघतं त्या दिवशीचा आकडा पाठवतात, ड्यू डेटचा नाही. समजा तुझं लिमिट 40,000 आहे, एरवी तू महिन्याला 4,000 वापरतेस, म्हणजे 10 टक्के, आणि लॅपटॉपमुळे स्टेटमेंटवर 34,000 आले, म्हणजे थेट 85 टक्के. तू नंतर पंधरा दिवसांनी सगळे भरलेस ते बरोबरच केलंस, व्याज वाचलं, पण ब्युरोच्या कागदावर तोपर्यंत 85 टक्के छापून गेले होते. त्यांच्या नजरेला एवढंच दिसतं की या मुलीने लिमिट जवळपास संपवलंय.

यावर उपाय सोपा आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्टेटमेंटची तारीख बघ आणि मोठा खर्च झाला असेल तर त्या तारखेच्या तीन-चार दिवस आधीच बरेचसे पैसे भरून टाक, पेमेंट जमा व्हायला एखाद-दोन दिवस जातात म्हणून. 34,000 मधले 30,000 आधीच भरले असतेस तर स्टेटमेंटवर 4,000 च आले असते, खर्च तोच, पैसे तेच, फक्त भरायची तारीख वेगळी. 30 टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात, पण ती काही लक्ष्मणरेषा नाही, जितकं कमी तितकं बरं. आणि दिलासा असा की बऱ्याच जुन्या पद्धतींत हा आकडा दर महिन्याला नव्याने मोजतात, त्यामुळे पुढचं स्टेटमेंट कमी आलं की स्कोर बराचसा वर येतो. काही नव्या पद्धती मात्र मागच्या महिन्यांचा कलही बघतात, म्हणून लोनच्या अर्जाआधी दोन-तीन महिने तरी हे पाळ.

आता कार्ड बंद करण्याचं. हे तुझं एकमेव खातं आहे, ते बंद केलंस तर वापरायचं लिमिटच राहणार नाही आणि नवीन नोंदी थांबतील, मग लोन देणाऱ्याने बघायचं काय? चालू ठेव, एखादा छोटा खर्च त्यावर टाक, ऑटो-पे पूर्ण बिलावर लाव. "मिनिमम ड्यू" वर लावू नकोस हं, तेवढं भरलं की उशिराची नोंद होत नाही हे खरं, पण बाकीच्यावर व्याज चढत राहतं आणि थकबाकीही फुगतच जाते.

दुसऱ्या कार्डाचा अर्ज रिजेक्ट झाला ही गोष्ट सहसा रिपोर्टवर येत नाही, पण तू अर्ज केलास हे येतं, त्याला हार्ड इन्क्वायरी म्हणतात. एकाने फार फरक पडत नाही, पण चिडून लगेच आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकलेस तर पैशाची चणचण आहे असं वाटतं. लोनचा अर्ज होईपर्यंत नवीन काही मागू नकोस. स्वतःचा स्कोर स्वतः तपासलास तर मात्र काही कमी होत नाही, कितीही वेळा बघ.

आणि नुसता स्कोर बघू नकोस, पूर्ण रिपोर्ट काढ. त्यात तुझ्या कार्डासमोर लिमिट किती लिहिलंय ते बघ. कधी कधी बँकेने लिमिट वाढवलेलं असतं पण रिपोर्टवर जुनंच असतं, म्हणजे 40,000 च्या जागी 20,000, मग तुझे नेहमीचे 4,000 पण 20 टक्के दिसतात. तसं असेल तर बँकेला आणि ब्युरोला, दोघांनाही लेखी कळव, सोबत लिमिट दिसेल असं स्टेटमेंट जोड. दुरुस्तीला काही आठवडे जातात, त्यामुळे हे काम लोनच्या अर्जाच्या तोंडावर नको, या महिन्यातच कर.