कॅरोसेल टाकण्याआधीची तपासणी: आधी आकडे, मग बाकीचं

प्रश्न: दादरच्या एका घरगुती फराळवाल्यांचं इन्स्टाग्राम सांभाळते. कॅरोसेल टाकल्यावरच चुका दिसतात: टायपो, मागेपुढे झालेल्या स्लाइड, न जुळणारे आकडे, कापलेला मजकूर. तुम्ही टाकण्याआधी काय काय तपासता?

उत्तर: सगळं एकाच वाचनात शोधायला जाऊ नका. शुद्धलेखन बघणारा डोळा बेरीज करत नाही. मी एका फेरीत एकाच प्रकारची चूक शोधतो, आणि सुरुवात आकड्यांपासून करतो. टायपोला लोक हसतात, चुकीच्या दरावर मात्र गिऱ्हाईक अडून बसतं.

त्यासाठी स्लाइडवरचा प्रत्येक आकडा कागदावर उतरवून काढा: दर, वजन, तारीख, फोन नंबर, सगळं. शेजारी स्लाइडचा क्रमांक लिहा. तुमच्याच फराळाचं उदाहरण घेऊ. पहिली स्लाइड म्हणते, ‘७ पदार्थ, २ किलो, ₹१,२००’. आतल्या स्लाइडवर चिवडा ५०० ग्रॅम, चकली, शेव, करंजी, बेसन लाडू आणि शंकरपाळी प्रत्येकी २५०, अनारसे १५०. पदार्थ सात भरले, पण बेरीज १,९०० ग्रॅम. पुढे ‘५ बॉक्सवर १० टक्के सूट, फक्त ₹५,५००’. पाच बॉक्सचे ६,०००, त्यातून ६०० वजा, म्हणजे ५,४०० हवेत. नुसतं वाचताना यातलं काहीच खटकत नाही, कारण प्रत्येक स्लाइड आपापल्या जागी बरोबर वाटते. आता खरा आकडा कुठला, हे आपण ठरवायचं नाही. फराळवाल्यांना फोन करायचा. कदाचित अनारसे २५० ग्रॅमच असतील.

तारखेसोबत वारही कॅलेंडरवर बघा. गेल्या वर्षीची फाइल कॉपी करून तारीख तीच ठेवली, तरी वार निदान एकाने पुढे सरकतो. २५ ऑक्टोबर २०२५ ला शनिवार होता, २०२६ ला रविवार आहे. फोन नंबर वाचू नका, स्लाइडवर बघून डायल करा. प्लाझा सिनेमा आहे दादर पश्चिमेला, पत्त्यात ‘प्लाझाजवळ, दादर पूर्व’ असं गेलं तर मुंबईकर कमेंटमध्ये सोडणार नाहीत. आणि देवनागरी व इंग्रजी अंक मिसळू नका: मराठी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि दराच्या बाबतीत ते महागात पडतं.

टायपोसाठी शेवटच्या स्लाइडपासून उलट वाचत या, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा पुढे घसरत नाही. मोठ्या अक्षरातलं शीर्षक मुद्दाम मोठ्याने वाचा. ते सगळेच गृहीत धरतात.

यापुढची तपासणी डिझाइनच्या फाइलवर नाही, एक्सपोर्ट केलेल्या चित्रांवर आणि फोनवर करायची. मराठीत ओळींमधलं अंतर कमी ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात घुसतात. ‘पूर्ण’, ‘ऑर्डर’ असे शब्द झूम करून बघा.

कापाकापीचं गणित सोपं आहे. पूर्ण कॅरोसेलला पहिल्या स्लाइडचा आकार लागतो. पहिली चौकोनी, १०८० × १०८० आणि बाकीच्या १०८० × १३५० असतील, तर त्या बाकीच्यांचे वरून-खालून १३५-१३५ पिक्सेल उडतात. नेमकी तिथेच तळाशी ऑर्डरची शेवटची तारीख असते! सगळ्या १०८० × १३५० ठेवल्या तरी प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये आता ३:४ चा उभा चौकोन दिसतो, म्हणजे कव्हरच्या दोन्ही बाजूंचे साधारण ३४ पिक्सेल जातात. मी कडेपासून शंभरेक पिक्सेल मजकूर ठेवतच नाही. वरचा उजवा कोपराही मोकळा सोडतो, तिथे ‘१/८’ असा स्लाइडचा आकडा येतो.

क्रम बिघडतो तो बहुतेक वेळा फाइल फोनवर पाठवताना. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्या तर दर्जा उतरतो आणि मूळ नावंही जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नावं ०१, ०२ अशी द्या, नाहीतर काही ठिकाणी १ नंतर थेट १० येतो. इन्स्टाग्राममध्ये ज्या क्रमाने टॅप कराल तोच क्रम लागतो, म्हणून निवडल्यावर प्रत्येक चित्रावरचा आकडा बघा. मग फक्त शीर्षकं सलग वाचा. ‘वरील सर्व पदार्थ’ असं म्हणणारी स्लाइड पदार्थांच्या आधी आली असेल, तर लगेच कळतं.

महत्त्वाची पोस्ट असेल तर आधी एका खासगी अकाउंटवर टाका आणि लोकलमध्ये उभ्याउभ्या एका हाताने स्वाइप करून बघा. तुमचे वाचकही तसंच बघणार आहेत.

खरी पोस्ट गेल्यावर लगेच दुसऱ्या फोनवर उघडा. कॅप्शन नंतर दुरुस्त करता येतं. चित्र बदलता येत नाही, फार तर एखादी स्लाइड काढून टाकता येते. दर चुकलेली स्लाइड काढून पोस्टचा अर्थ लागत असेल तर ठीक. नाहीतर कमेंट यायच्या आत पोस्ट उतरवून नव्याने टाका, आणि दर कॅप्शनमध्येही लिहिला असेल तर तिथलाही तेव्हाच बदला.