९९०० चा सेल भरला ३१ ग्रॅम

प्रश्न: हेडटॉर्चसाठी १८६५० सेल घ्यायचाय. एकावर ३००० एमएएच लिहिलंय, दुसऱ्यावर ९९००, आणि ९९०० वालाच स्वस्त! असं का? खोटा कसा ओळखायचा?

१८६५० म्हणजे १८ मिमी जाडी, ६५ मिमी लांबी. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. एवढ्या डबीत नावाजलेल्या कंपन्यासुद्धा साधारण साडेतीन हजार बसवतात, अगदी अलीकडे चार हजारांपर्यंत. वरचे सहा हजार ठेवणार कुठे, हे मी माझ्या मेव्हण्याला चार वर्षं विचारतोय.

त्याने पुण्याच्या तापकीर गल्लीतून असले दोन सेल आणले होते. "भाऊजी, तुमचा ३००० चा, माझा ९९०० चा, तोही निम्म्या किमतीत!" त्याच रात्री आम्ही गुंजवण्यातून राजगडाला निघालो. चोर दरवाजाच्या खालचा कातळ आला आणि याची टॉर्च पिवळी पडून गेली. उरलेला चढ माझ्या उजेडात, माझ्या पाठीला चिकटून. वर पोचल्यावर म्हणतो, टॉर्चच खराब आहे.

घरी आल्यावर त्याच्यादेखत सेल स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला. ३१ ग्रॅम. माझा ४६. सेलमधली वीज म्हणजे शेवटी आत गुंडाळलेल्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि त्यांवरचा लेप. तो माल कमी, तर वजन कमी. मग डिस्चार्ज मोजणाऱ्या चार्जरमध्ये सेल पूर्ण भरून अर्ध्या अँपिअरने रिकामा केला. एक तास पन्नास मिनिटांत संपला, म्हणजे नऊशेच्या थोडा वर. छापलेल्याच्या दहावा हिस्सासुद्धा नाही. यावर उत्तर काय, तर "तुमचा चार्जर बिघडलाय." त्याच चार्जरवर माझा ३००० चा २९०० दाखवत होता, ते त्याला दिसलं नाही.

असं का करतात? वरचं रंगीत वेष्टन म्हणजे नुसती प्लॅस्टिकची नळी, गरम केली की आक्रसून बसते. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेला किंवा कारखान्यात नापास झालेला सेल घ्या, नवी नळी चढवा, हवा तो आकडा छापा. काउंटरवर कोणी मोजत नाही, आणि माझ्या मेव्हण्यासारखी गिऱ्हाइकं मोठा आकडा बघूनच उचलतात. ३००० छापणारा प्रामाणिक माणूस तिथे मार खातो.

तेव्हा ४००० च्या वर आकडा दिसला की सोडून द्या. आकडा पटण्यासारखा असेल तर वजन करा, ४४ ते ४९ ग्रॅम भरायला हवं. हे फक्त १८६५० पुरतं, दुसऱ्या मापांचे हिशेब वेगळे. आणि हो, हलका सेल खोटा हे नक्की, पण जड सेल चांगलाच असं नाही. दमलेला जुना सेलही तेवढाच भरतो, काही जण आत भुकटी भरून वजन वाढवतात. तिथे डिस्चार्ज करून बघण्याला पर्याय नाही. खात्रीसाठी फोडून मात्र बघू नका, शॉर्ट झाला तर पेटतो.

ते दोन सेल मेव्हण्याने अजून टाकलेले नाहीत. टीव्हीच्या कपाटात आहेत, "इमर्जन्सीला".