चिडचिड वयाची की नैराश्याची?

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची. तीन आठवडे सतत चिडते. मूड स्विंग की डिप्रेशन?

वयातली चिडचिड येते-जाते. मैत्रिणीचा फोन आला की चेहरा खुलतो. तुम्ही म्हणता तशी ती दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसभर टिकली आणि झोप, अभ्यास, आवडीचे छंदही सुटले, तर तपासणी हवीच. या वयात नैराश्य अनेकदा उदासीऐवजी चिडचिडीतून दिसतं, तिथेच आपण फसतो.

डॉक्टर पीएचक्यू-ए ही ९ प्रश्नांची प्रश्नावली देतात. २७ पैकी १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर सविस्तर मुलाखत. नुसत्या गुणांवर निदान होत नाही. पण समजा गुण ७च आले आणि नवव्या, जीव नकोसा वाटण्याच्या प्रश्नाला उत्तर ‘काही दिवस’ असं आहे. तरी डॉक्टरांनी त्याच दिवशी तिच्याशी एकांतात बोलायलाच हवं.