आठ नंबर दाबतो, नऊ नंबर सटकतो

«पोलीस भरतीच्या तयारीसाठी धावायचे बूट पाहिजे. चप्पल ८ नंबरची घालतो. ऑनलाइन ८ मागवला तर करंगळीपाशी दाबतो, ९ मागवला तर टाच सटकते. दोनदा परत केले. आता तिसऱ्यांदा काय मागवू? आमच्या गावात कुरिअरवाला आठवड्यातून दोनदाच येते.»

भाऊ, तू लिहिलं त्यावरून मला घोळ लांबीचा कमी आणि रुंदीचा जास्त वाटतो. लांबी कमी पडली असती तर अंगठा पुढं टेकला असता. तुझी करंगळी दाबली, म्हणजे पंजा अडकला. तू एक नंबर वाढवला तेव्हा पंज्याला थोडी जागा मिळाली, पण बूटही साधारण साडेआठ मिलिमीटर लांब झाला आणि टाच मोकळी पडली. लहानपणापासून चपलेवर नाहीतर अनवाणी वावरात फिरलेला पंजा पसरट असतो. चपलेला बाजूची भिंतच नसते, त्यामुळे चपलेच्या ८ नंबरवरून बुटाची रुंदी कळत नाही.

तरी आधी लांबी नीट मोज, कारण तिथंच बहुतेकांचं चुकतं. माझ्या भाच्याचं झालं तेच सांगतो. तोही भरतीवाला, १६०० मीटर मारतो. त्यानं स्वतःच वाकून पाय मोजला आणि २५.८ सेंटीमीटर म्हणून मला कळवलं. मी दारव्ह्याला गेलो तेव्हा पुन्हा मोजला, तर उजवा २६.४ आणि डावा २६.१ निघाला. सहा मिलिमीटर कुठं गेले ते शोधलं. त्यांच्या घरी भिंतीच्या बुडाशी गिलावा गोल उतरलाय. टाच त्या गोलाईवर चढायची आणि कागदाच्या कडेच्या मागं जायची, म्हणून माप कमी यायचं. त्यात पेन्सिल आतल्या बाजूला कललेली. शिवाय १५ सेंटीमीटरची शाळेची पट्टी दोनदा ठेवलेली, आणि पट्टीचा शून्य काठावर नसतो हे लक्षातच नाही.

म्हणून लोखंडी कपाटाच्या बंद दाराला टाच टेकव. दार सरळ असते आणि फरशीशी काटकोन करते. खाली कोरा कागद, त्याची कड दाराला लागलेली. संध्याकाळी मोज, पाय दिवसभरात थोडे सुजतात. धावताना घालतोस तेच मोजे घाल. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभा राहा, आणि खूण दुसऱ्या कोणाला तरी करायला लाव. स्वतः वाकलास की भार पुढं जाते आणि टाच हलते. पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढं खूण करायची. ते बोट अंगठाच असेल असं नाही, भाच्याचं अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे. मग घरातल्या स्टीलच्या टेपनं मोज. शिंप्याचा कापडी टेप जुना झाला की ताणलेला असते. दोन्ही पाय मोज आणि मोठा असेल तो धर.

आता नंबर. आपल्याकडं बुटावर जो नंबर असते तो बहुतेक वेळा यूकेचाच असते, IND लिहिलं असलं तरी. तो नंबर तुझ्या पायाचा नाही, बूट ज्या फर्म्यावर शिवतात त्या फर्म्याचा. बोटांपुढं किती जागा सोडायची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. म्हणून नायकेच्या यूके ८ च्या लेबलवर २७ सेंटीमीटर असतात आणि आदिदासच्या यूके ८ वर २६५, म्हणजे साडेसव्वीस. अमेरिकन नंबरही वेगळा. तोच यूके ८ नायकेत US 9 होतो, आदिदासमध्ये US 8.5. यादीत नुसतं ९ दिसलं आणि ते अमेरिकन निघालं, तर घरी आठ नाहीतर साडेआठ नंबरचाच बूट येणार. भाच्याची पहिली फेरी याच पायी वाया गेली.

मी स्वतः नंबराकडं न बघता लेबलवरचे सेंटीमीटर बघतो. धावायच्या बुटासाठी मोजलेल्या पायापेक्षा साधारण अर्धा सेंटीमीटर जास्त असलेलं लेबल घेतो. भाच्याचा पाय २६.४, म्हणून लेबल २७ चं पाहिजे. तो नायकेत यूके ८ येतो आणि आदिदासमध्ये यूके साडेआठ. पाय एकच, नंबर दोन.

एक फसवणूक मात्र इथं आहे. स्वस्तातल्या बुटांच्या तक्त्यात कधी पायाची लांबी असते, कधी आतल्या तळव्याची. तक्त्यात यूके ८ समोर २६ ते २७ असेल तर ती पायाची लांबी समज. २८ च्या आसपास असेल तर ती बहुतेक तळव्याची किंवा फर्म्याची, तिथं पायात किमान एक सेंटीमीटर मिळवून बघावं लागते. शंका असली तर विक्रेत्याला सरळ विचार, हे माप पायाचं की तळव्याचं.

रुंदीसाठी कागद-टेपपेक्षा सोपी युक्ती आहे. मित्राचा ८ किंवा ९ चा धावायचा बूट घे, आतला तळवा काढ, फरशीवर ठेव आणि त्यावर मोजे घालून उभा राहा. टाच मागच्या कडेला बरोबर बसव. बोटांपुढं एक सेंटीमीटर उरला आणि पंजा दोन्ही बाजूंनी तळव्याच्या आत राहिला, तर तो बूट तुझा. करंगळीकडची कड तळव्याबाहेर आली, तर त्या मॉडेलमध्ये नंबर कितीही वाढव, आधी टाच सुटेल. मग नावात WIDE किंवा 2E लिहिलेलं मॉडेल शोध. पुरुषांच्या बुटाची नेहमीची रुंदी D असते, 2E तिच्याहून रुंद. आपले पाय रुंद असतात हे सरकारी मापणीतही निघालंय. चेन्नईच्या सीएलआरआय या चामड्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनं लाखभर लोकांचे पाय स्कॅन केले, त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापं ठरवायला घेतली. ती दुकानात येईपर्यंत 2E शोधणं आलंच.

परत करण्याबद्दल थोडं. मागवायच्या आधी आपला पिनकोड टाकून बघ, कारण बूट येते पण परत न्यायला कोणी येत नाही असे पिनकोड आपल्याकडं आहेत. काही मालावर फक्त बदलून मिळते, पैसे नाही, तेही तिथंच लिहिलं असते. बूट आला की संध्याकाळी सतरंजीवर घाल. अंगणात एक पाऊलही नको. आपली काळी माती तळाच्या खाचेत बसली की ब्रशनंही पूर्ण निघत नाही, आणि नेणारा पोरगा पहिल्यांदा तळच उलटून बघते. माझा एक जोड असाच परत आला होता. मातीवरून नाही, मी बुटाच्या खोक्यालाच चिकटपट्टी गुंडाळली म्हणून. खोकं मालाचाच भाग धरतात, त्याला वरून दुसरी पिशवी लाव.

घालून बघताना लेस पूर्ण बांध, दहा मिनिटं फिर आणि पायरीवरून चार वेळा उतर. उतरताना बोट पुढं टेकलं तर लांबी कमी. चढताना टाच उचलली गेली तर आधी सगळ्यात वरच्या, मागच्या छिद्रातून लेस ओवून बघ. टाच त्यानं बरीच धरते. तरीही उचलत असेल तर लगेच बदलायला टाक.

तुझा पाय २६.४ च्या आसपास निघाला तर २७ च्या लेबलचा 2E घे. मोजून झालं की दोन्ही पायांचे आकडे इथं टाक, मॉडेलचं नावही टाक, मी तक्ता बघून सांगतो.