मुलाखतीत कॅम्पेनचा हिशोब कसा सांगावा: चटणीच्या पाउचचं एक उदाहरण

प्रश्न: सांगलीत कुपवाडच्या एका मसाला कंपनीत मार्केटिंग एक्झिक्युटिव्हची मुलाखत आहे. आधीच्या कॅम्पेनचे रिझल्ट विचारतात, कोणते मेट्रिक्स बघता ते विचारतात आणि छोट्या लाँचचा प्लॅन तिथेच पाच मिनिटांत सांगायला लावतात म्हणे. मी काय तयारी करू?

उत्तर:

मी आधी सेल्समध्ये होतो, मग मार्केटिंगमध्ये आलो. आता आमच्याकडे माणसं घ्यायची असली की मुलाखतीला मीही बसतो. तुमचे तिन्ही प्रश्न खरं तर एकाच हिशोबाचे आहेत. एकच कॅम्पेन निवडा आणि ते रुपया-रुपयापर्यंत पाठ करून जा. चार कॅम्पेनची नावं सांगणाऱ्यापेक्षा एकाचा हिशोब नीट मांडणारा माणूस आम्हाला जास्त उपयोगाचा वाटतो.

माझ्या पहिल्या मुलाखतीत मी सांगितलं होतं, "आमची जाहिरात तीन लाख लोकांपर्यंत पोचली." समोरच्यांनी शांतपणे विचारलं, "पाउच किती गेले?" मला सांगता आलं नाही. ती नोकरी मिळाली नाही, आणि ते बरोबरच होतं. पुढच्या कॅम्पेनपासून मी वही ठेवायला लागलो. त्या वहीतलंच एक उदाहरण सांगतो, म्हणजे उत्तर कसं मांडायचं ते कळेल.

माल होता कांदा-लसूण मसाल्याचा, म्हणजे आपल्याकडची चटणी, अर्धा किलोचं पाउच, किंमत 320 रुपये. बजेट 40 हजार. त्यातले 24 हजार आम्ही जूनमध्ये मोबाइलवरच्या जाहिरातींना लावले. जाहिरातीवर बोट ठेवलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं आणि तिथे ऑर्डर घ्यायची, अशी सोय होती. 480 जणांनी मेसेज केला, त्यातल्या 120 जणांनी पाउच घेतलं. म्हणजे एका नव्या गिऱ्हाइकामागे 200 रुपये खर्च. विक्री झाली 38,400 रुपयांची. जाहिरातीच्या डॅशबोर्डवर हे 1.6 असं दिसतं, म्हणजे रुपयाला एक रुपया साठ पैसे परत. मालक खूश झाले.

पण कच्चा माल, पॅकिंग आणि कुरिअर वजा करून एका पाउचमागे आमच्या हातात 110 रुपये उरत होते. 320 ला 110 ने भागलं की 2.9 येतात. जाहिरातीवरचा परतावा निदान 2.9 झाला तरच बरोबरी होते. आमचा 1.6 होता, म्हणजे चक्क तोटा. पुढच्या 60 दिवसांत त्या 120 पैकी 42 जणांनी पुन्हा एक-एक पाउच मागवलं. तेही धरलं तरी एकूण 162 पाउचचे 17,820 रुपये होतात, खर्च 24 हजार. सहा हजारांहून जास्त खिशातून गेले.

मुलाखतीत हे असंच सांगा. तोटा लपवू नका, पण तो का झाला ते तुम्हाला कळलं होतं हे दिसलं पाहिजे. आमचं कारण साधं होतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे घरोघरी मिरच्या आणून, वाळवून, डंकावर कुटून वर्षाची चटणी होते. जूनमध्ये बरण्या भरलेल्या असतात. त्या वेळी सांगली-मिरजेतल्या घराला तयार चटणी विकायला जाणं म्हणजे नुकत्याच जेवलेल्या माणसाला ताट वाढणं. मेसेज 480 आले, कारण चित्र चांगलं होतं आणि लोकांना भाव विचारायचा होता. घ्यायचं मात्र फार थोड्यांना होतं. भाव विचारून गप्प झालेल्यांचे मेसेज मी बसून वाचले, तेव्हा "घरी आत्ताच केलीय" हे वाक्य सारखं सापडत होतं.

उरलेले 16 हजार आम्ही राखून ठेवले आणि गणपतीच्या आधी, बरण्या निम्म्या झाल्यावर वापरले. 20 किराणा दुकानं निवडली. 10 दुकानांसमोर संध्याकाळी टेबल मांडून भाकरीच्या तुकड्याला चटणी लावून चाखायला दिली. बाकीच्या 10 दुकानांत तोच माल, त्याच जागी, पण टेबल नाही. आधीच्या चार आठवड्यांत दोन्ही गटांत 300-300 पाउच गेले होते. टेबलवाल्या दुकानांत विक्री 600 झाली. अर्धवट उत्तर देणारा इथे थांबतो आणि "विक्री दुप्पट केली" म्हणतो. पण टेबल नसलेल्या दुकानांतही ती 360 झाली होती, कारण सणाची खरेदी होती. तेव्हा टेबलामुळे वाढलेले पाउच 300 नव्हे, 240. 16 हजारांना 240 ने भागलं की एका जादा पाउचमागे 67 रुपये. दुकानदाराचं कमिशन देऊन आम्हाला 85 उरत होते. थोडा फायदा झाला. त्यानंतरच्या चार आठवड्यांत टेबलवाल्या दुकानांत 400 गेले आणि दुसऱ्या गटात 320. टेबल उठल्यावरही 80 पाउचचा फरक टिकला, हा आकडा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. चव आवडली म्हणून लोक परत आले.

असा दुसरा गट तुमच्या जुन्या कॅम्पेनमध्ये नसेल तर तो होता असं सांगू नका. मागच्या वर्षीच्या त्याच सणाच्या महिन्याशी तुलना सांगा, आणि त्यात भाव किंवा दुकानांची संख्या बदललेली असेल तर तेही सांगा.

आता मेट्रिक्स. मसाला कंपनीत हा प्रश्न आला की पहिल्यांदा प्रायमरी आणि सेकंडरी वेगळं करा. कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरकडे माल गेला ती प्रायमरी विक्री. डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेला ती सेकंडरी. मागच्या वर्षी एक उमेदवार म्हणाला, "माझ्या स्कीममुळे विक्री 40 टक्के वाढली." मी विचारलं, "प्रायमरी की सेकंडरी?" तो म्हणाला, "प्रायमरी." "पुढच्या महिन्यात किती होती?" मग तो गप्प झाला. स्कीमवर डिस्ट्रिब्युटर गोडाऊन भरून घेतो आणि पुढचा महिनाभर काहीच मागवत नाही. दोन महिने मिळून बघितलं तर वाढ काहीच नसते, वर स्कीमचा खर्च. म्हणून लहान कंपनीत मी तीनच आकडे बघायला सांगतो: दुकानांपर्यंत गेलेला माल, पुन्हा ऑर्डर देणाऱ्या दुकानांची संख्या, आणि एका नव्या गिऱ्हाइकावरचा खर्च एका पाउचच्या नफ्याशी जोडून. लाइक, व्ह्यू आणि मेसेज हे वाटेतले टप्पे आहेत. कुठे गळती आहे ते शोधायला ते उपयोगी पडतात, रिझल्ट म्हणून सांगू नका.

एक काळजी घ्या. आधीच्या कंपनीचे खरे विक्रीचे आकडे समोर मांडू नका. "आधीची विक्री 100 धरली तर 180 झाली" असं सांगितलं तरी हिशोब तितकाच पक्का दिसतो. आणि जो माणूस जुन्या मालकाचे आकडे इथे उघडे करतो, तो उद्या आमचेही करेल, हे समोरच्याच्या मनात येतंच. तसंच "आम्ही केलं" आणि "मी केलं" यांतला फरक स्वतःहून सांगा. माझ्या उदाहरणात दुकानं मी निवडली, वही मी ठेवली. जाहिरातीचं चित्र दुसऱ्याने केलं होतं.

प्लॅनच्या प्रश्नाला लगेच प्लॅन सुरू करू नका. बहुतेक वेळा ते म्हणतात, "100 ग्रॅमचं नवं पाउच आणतोय, 30 हजार रुपये आहेत, तीन आठवडे आहेत." आधी तीन गोष्टी विचारा: पाउचमागे कंपनीला किती उरतं, माल आत्ता किती तयार आहे, आणि सेल्समनच्या रोजच्या बीटमध्ये कोणती दुकानं येतात. माल 500 पाउचच तयार असेल आणि तुम्ही जाहिरातीने हजार घरं जागी केलीत, तर दुकानदार तुमच्यावरच चिडतो. लेबलवर एमआरपी आणि 14 अंकी एफएसएसएआय नंबर छापून झालाय का, हेही विचारा. लेबल छापखान्यात अडकलं की लाँच पुढे जातं, हे मी स्वतः बघितलंय.

मग प्लॅन असा सांगा. विश्रामबाग आणि मिरजेतली मिळून 20 दुकानं, सेल्समनच्या चालू बीटमधलीच. पहिल्या आठवड्यात प्रत्येक दुकानात फक्त 12 पाउच, न गेलेले परत घेण्याच्या बोलीवर, आणि ती समोर टांगलेली आहेत याचा फोटो. दुसऱ्या आठवड्यात 10 दुकानांसमोर चाखण्याचं टेबल. हा आठवडा महिन्याच्या सुरुवातीला येईल असं बघायचं, कारण पगार झालेला असतो आणि महिन्याचा किराणा भरला जातो. तिसऱ्या आठवड्यात फक्त मोजणी आणि पुन्हा भरणा. खर्च: टेबलांना 15 हजार, चाखायच्या मालाला 3, दुकानातल्या पट्ट्या-पोस्टरना 4, त्या दुकानांच्या आसपासच्या भागापुरत्या मोबाइल जाहिरातींना 5, आणि 3 हजार हातात राखून.

बहुतेक उमेदवार यापुढचं एक वाक्य विसरतात: थांबायचं कधी. मी म्हणेन, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी 20 पैकी निदान 10 दुकानांनी स्वतःहून पुन्हा माल मागितला नाही, तर हे पाउच आणखी दुकानांत न्यायचं नाही. आधी टेबलवाल्या आणि बिनटेबलाच्या दुकानांची तुलना करायची. टेबलाजवळ माल गेला पण नंतर थांबला, तर चव किंवा भाव तपासा. टेबलाजवळही गेला नाही, तर चाखणाऱ्यांना काय खटकलं ते तिथे उभ्या असलेल्या मुलीला विचारा, तिला सगळं माहीत असतं.

समोरून बहुधा प्रश्न येईल की 20 दुकानांवरून काय कळणार. मान्य करा. इतक्या कमी दुकानांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक विश्वास ठेवण्यासारखा नसतो. एखाद्या दुकानाच्या घरचं लग्न निघालं तरी आकडा हलतो. दुप्पट किंवा निम्मं झालं तरच त्यावरून ठरवता येतं. शिवाय दोन्ही गटांतली दुकानं एका गल्लीत नकोत, नाहीतर टेबलावर चाखलेलं गिऱ्हाईक पलीकडच्या ओळखीच्या दुकानातून पाउच घेतं आणि तुलना बिघडते.

जाताना एक कागद न्या, हाताने लिहिलेला चालेल. एका बाजूला जुन्या कॅम्पेनचा हिशोब, दुसरी बाजू कोरी. प्लॅन विचारला की त्या कोऱ्या बाजूवर त्यांच्यासमोर दुकानं, आठवडे आणि रुपये मांडा. त्यांनी बजेट 30 वरून 15 हजार केलं तर जाहिरात आणि पोस्टर पहिल्यांदा कापा, टेबलं 10 ची 6 करा, पण तुलनेची दुकानं काढू नका. त्यांच्यावर तसाही टेबलाचा खर्च नाही.